केटीत न मावणारं ज्ञान

जुलै 2025 मध्ये टीसीएसने आपल्या मनुष्यबळापैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास लोक कमी करणार असल्याचं जाहीर केलं. त्यानंतर सीप्झच्या फाटकापासून ऐरोलीच्या पुलापर्यंत चहाच्या प्रत्येक टपरीवर तोच विषय होता. त्याच दिवसांत मुलुंडमधल्या एका छोट्या परिसंवादात एका उद्योजकाने भर सभेत सांगितलं, "सर्व्हिस कंपनीतला माणूस इंजिनिअर नसतोच, तो तासावर भाड्याने दिलेला हात असतो. खरं काम प्रॉडक्ट कंपनीत होतं. ज्यांनी वेळेवर उडी मारली नाही, त्यांच्यावर आज ही पाळी आली." टाळ्या पडल्या. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांची मुलं सर्व्हिस कंपन्यांत नोकरीला होती. त्या आईवडिलांनी घरी जाऊन मुलांना काय सांगितलं असेल, या विचाराने मी अस्वस्थ झालो आणि म्हणून हा लेख लिहितो आहे.

त्या विधानातलं तास भाड्याने दिला जातो हे म्हणणं बऱ्याच अंशी बरोबर आहे. खरं काम प्रॉडक्ट कंपनीतच होतं हे म्हणणं चुकीचं आहे, आणि त्याने नुकसान होतं. सर्व्हिस कंपनीत तास विकला जातो हे खरं. पण कंपनीच्या पाटीवर प्रॉडक्ट लिहिलेलं असलं की आत शिकायला मिळतंच, असं मानून नोकरी बदलणारी मुलं नको तिथे जाऊन पोहोचतात. फरक आहे आणि मोठा आहे. तो नेमका कुठे आहे, तेवढंच मला शोधायचं आहे.

आधी तासाचा हिशोब. समजा, बोरिवलीची एक मुलगी पाच वर्षांच्या अनुभवानंतर सर्व्हिस कंपनीत महिना 75 हजारांवर काम करते. परदेशी क्लायंट तिच्या एका तासाचे 25 डॉलर मोजतो. महिन्याचे 160 तास धरले तर 4,000 डॉलर होतात. डॉलरला 85 रुपये धरले तर 3 लाख 40 हजार. मधले पैसे कुठे जातात, तर बेंचवर बसलेल्यांचा पगार, विक्री करणारी माणसं, मॅनेजरांची उतरंड, इमारत, कर आणि नफा. यात लबाडी नाही, धंद्याची रचनाच अशी आहे. जून 2025 मध्ये टीसीएसने नियम केला की प्रत्येकाने वर्षात किमान 225 दिवस बिलिंगवर असावं आणि बेंचवर 35 कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. विकला न गेलेला दिवस हा कंपनीला थेट तोटा आहे, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच लिहिलं गेलं असेल.

या रचनेचे दोन परिणाम तिच्या कामावर होतात. पहिला असा की आठ तासांचं काम तिने डोकं लढवून चार तासांत संपवलं, तर तासाच्या करारात कंपनीचं बिल निम्मं होतं. ठरीव रकमेच्या करारात उलट घडतं, तिथे वाचलेला वेळ कंपनीच्या खिशात जातो. तिच्या खिशात तो दोन्हीकडे येत नाही. दुसरा परिणाम जास्त खोल आहे. क्लायंटच्या रेट कार्डवर तिच्या हुद्द्याचा दर ठरलेला असतो आणि तो वर्षानुवर्षं फारसा हलत नाही, तिचा पगार मात्र दरवर्षी थोडा वाढतो. सातव्या-आठव्या वर्षी दर आणि पगार यांतलं अंतर इतकं कमी होतं की ते कंपनीला परवडेनासं होतं. मग एक तर तिला लीड किंवा मॅनेजर करून आठ-दहा नव्या मुलांवर बसवायचं, नाही तर त्या जागी नवी मुलगी आणायची आणि हिला दुसऱ्या प्रोजेक्टवर हलवायचं. सर्व्हिस कंपनीत आठव्या वर्षानंतर कोड लिहिणं सुटतं, त्यामागे हे गणित असतं. त्याचा दोष त्या व्यक्तीच्या आळसाला देणं अन्याय आहे.

ही अंधेरीची फार जुनी गोष्ट आहे. सीप्झ 1973 साली निर्यातीसाठी उभं राहिलं आणि भारतातल्या सॉफ्टवेअर निर्यातीची पहिली वर्षं बरीचशी तिथेच गेली. पण त्याच आवारात उलट दिशेचीही एक गोष्ट घडली, आणि उद्योजक महाशयांना ती ठाऊक असायला हवी होती. सिटीकॉर्पने 1985 मध्ये स्वतःच्या बँकेसाठी सॉफ्टवेअर लिहिणारी कंपनी तिथे काढली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिच्यातून राजेश हुक्कू यांच्या नेतृत्वाखाली एक वेगळी तुकडी बाहेर पडली. ती दुसऱ्यांच्या सांगण्यावरून लिहिण्याऐवजी स्वतःचं सॉफ्टवेअर बँकांना विकणार होती. मायक्रोबँकर हे तिचं पहिलं प्रॉडक्ट, फ्लेक्सक्यूब हे त्यानंतरचं. 2000 साली कंपनीचं नाव आय-फ्लेक्स झालं, 2002 मध्ये तिचा शेअर बाजारात आला, 2005 मध्ये ओरॅकलने सिटीचा हिस्सा विकत घेतला आणि 2008 पासून ती ओरॅकल फायनान्शियल सर्व्हिसेस सॉफ्टवेअर म्हणून ओळखली जाते. गोरेगावला हायवेलगत तिची इमारत आहे. थोडक्यात, भारताचं एक गाजलेलं बँकिंग प्रॉडक्ट अंधेरीतल्या सर्व्हिसच्या मुशीतून निघालं. एका बँकेची सेवा करता करता बँक कशी चालते हे ज्यांना आतून कळलं होतं, त्यांनीच ते केलं. भाड्याचे हात हे करू शकले नसते.

मास्टेकचं उदाहरणही सीप्झमधलंच. 1982 मध्ये सुरू झालेल्या या सर्व्हिस कंपनीने विमा कंपन्यांसाठी काम करता करता विम्याचं प्रॉडक्ट उभं केलं आणि 2015 मध्ये मॅजेस्को नावाने तो धंदा वेगळा काढला. 2020 मध्ये थोमा ब्राव्हो या अमेरिकी गुंतवणूकदार कंपनीने अमेरिकेतली मॅजेस्को विकत घेतली. सर्व्हिस आणि प्रॉडक्ट यांच्यामध्ये उपनगरांत तरी कधी भिंत नव्हती.

तरीही सर्व्हिसमधून प्रॉडक्टमध्ये गेल्यावर काहीतरी बदलतं. जे बदलतं ते मला पेटर नाउर यांच्यामुळे नीट दिसलं, म्हणून त्यांच्यासाठी थोडी जास्त जागा घेतो. नाउर डेन्मार्कचे. शिक्षणाने खगोलशास्त्रज्ञ, नंतर संगणकशास्त्राकडे वळले, 2005 चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला. 1985 मध्ये त्यांनी एक छोटा निबंध लिहिला. त्यातलं म्हणणं असं की प्रोग्रामिंग म्हणजे कोड तयार करणं नव्हे. प्रोग्रामिंग करताना करणाऱ्याच्या डोक्यात त्या विषयाची एक समज घडत जाते, तीच खरी निर्मिती. कोड आणि कागदपत्रं हा तिचा खाली उरलेला भाग. ज्याच्याकडे ही समज आहे तो तीन गोष्टी करू शकतो. बाहेरच्या जगातली कुठली गोष्ट प्रोग्रामच्या कुठल्या भागात उतरली आहे, हे सांगू शकतो. प्रत्येक भाग असाच का लिहिला, याचं कारण देऊ शकतो. आणि नवा बदल मागितला गेला की तो जुन्या रचनेत कुठे नीट बसेल, हे ओळखू शकतो.

नाउर यांनी दिलेलं उदाहरण सर्व्हिस उद्योगातल्या प्रत्येकाला ओळखीचं वाटेल. एका गटाने एक कंपायलर लिहिला. दुसऱ्या गटाला तो त्याच भाषेच्या थोड्या वाढवलेल्या रूपासाठी आणि दुसऱ्या यंत्रासाठी वाढवायचा होता. त्यांना सगळा कोड दिला, सविस्तर कागदपत्रं दिली, पहिल्या गटाचा सल्लाही उपलब्ध ठेवला. तरी दुसऱ्या गटाने सुचवलेले बदल मूळ रचनेतली सोय न वापरता वरून ठिगळं लावणारे निघाले. पहिल्या गटाला ते बघताक्षणी कळलं आणि त्यांनी मूळ रचनेत सहज बसणारे उपाय सुचवले. पुढे हा कंपायलर तिसऱ्याच लोकांकडे गेला, ज्यांना मूळ गटाची साथ नव्हती. सुमारे दहा वर्षांनी पाहिलं तेव्हा मूळ रचना दिसत होती, पण भोवती साचलेल्या भरीमुळे ती निकामी झाली होती. नाउर यांचा निष्कर्ष कठोर आहे. ज्यांच्याकडे समज आहे तो गट पांगला की प्रोग्राम मरतो, मग तो यंत्रावर चालत असला तरी. आणि केवळ कागदांवरून ती समज पुन्हा उभी करता येत नाही.

आता सर्व्हिस कंपनीतली केटी आठवा. क्लायंटने जुन्या कंपनीकडून काम काढून नव्या कंपनीला दिलं की चार ते सहा आठवड्यांचं ज्ञानहस्तांतरण होतं. आधी जुनी माणसं समजावतात आणि सत्रं रेकॉर्ड होतात. मग शॅडो, म्हणजे जुना माणूस काम करतो आणि नवा बघतो. मग रिव्हर्स शॅडो, म्हणजे नवा करतो आणि जुना बघतो. शेवटी एका तक्त्यावर सगळ्या रकान्यांत हिरवा रंग भरला जातो, सही होते आणि जुनी माणसं निघून जातात. ज्या माणसांची नोकरी या हस्तांतरणाने जाणार आहे, त्यांच्याकडूनच ज्ञान काढून घ्यायचं असतं, ही वेगळी अडचण. पण ती सगळी माणसं मनापासून शिकवणारी असती, तरीही नाउर यांचा आक्षेप उभाच राहिला असता. आउटसोर्सिंगचा अख्खा व्यवहार ज्या गृहीतकावर उभा आहे ते हे, की समज माणसापासून सोडवून कागदावर ठेवता येते आणि दुसऱ्या माणसात भरता येते.

हे गृहीतक कुठे मोडतं, ते एका आकड्यातून दाखवतो. समजा एका बँकेत दहा लाख रुपयांची ठेव आहे, व्याज सात टक्के सरळव्याजाने, मुदत 1 ऑक्टोबर 2023 ते 1 ऑक्टोबर 2024. 2024 लीप वर्ष असल्याने मधे 366 दिवस येतात. प्रोग्राममध्ये या ठेवीसाठी एक विचित्र दिसणारी अट लिहिलेली आहे. ती मुदतीचे 31 डिसेंबरला दोन तुकडे करते. पहिल्या 92 दिवसांना 365 ने भागते, उरलेल्या 274 दिवसांना 366 ने. व्याज 70,048 रुपये 21 पैसे येतं. केटी घेऊन नुकताच आलेला एखादा हुशार मुलगा ही अट पाहतो. त्याला ती अनावश्यक गुंता वाटते. तो साफसफाई करतो आणि सरळ 366 भागिले 365 लावतो. आता व्याज 70,191 रुपये 78 पैसे होतं. एका ठेवीमागे 143 रुपये 57 पैशांचा फरक. अशा एक लाख ठेवी असतील तर तो जवळपास 1 कोटी 44 लाखांवर जातो.

ही चूक चाचणीत सापडत नाही, कारण चाचणीतल्या तारखा साध्या वर्षाच्या असतात आणि तिथे दोन्ही पद्धतींचं उत्तर एकच येतं. 2025, 2026, 2027 अशी वर्षं बिनबोभाट जातात. ती उघडी पडते ती पुढच्या लीप वर्षाला मुदत चिकटली की, म्हणजे 2028 च्या आसपास. तोपर्यंत त्या मुलाचा प्रोजेक्ट बदललेला असतो, कदाचित करारही दुसऱ्या कंपनीकडे गेलेला असतो. नवी टीम रात्रभर जागून ती दुरुस्त करते. मूळ मुलाला आपण काय केलं हे आयुष्यात कधीच कळत नाही. त्याची हुशारी, मेहनत आणि प्रामाणिकपणा शाबूत असूनही तो या घटनेतून काहीच शिकत नाही, कारण घटना त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

प्रॉडक्ट कंपनीत या चुकीचा फोन त्यालाच आला असता. माझ्या मते सगळ्या बदलातला हा सर्वांत मोठा बदल आहे. आपण तीन वर्षांपूर्वी घेतलेला निर्णय आपल्यासमोर परत येऊन उभा राहतो. आपलं नाव कोडच्या इतिहासात असतं, ग्राहक तोच असतो, आणि आपण तिथेच असतो. पहिल्या वर्षी ही गोष्ट नुसती भीतीदायक वाटते. तिसऱ्या वर्षी माणूस वेगळा कोड लिहायला लागतो. विचित्र अटीशेजारी ती का आहे याची दोन ओळींची टीप लिहितो, लीप वर्षाची तारीख चाचणीत घालतो, आणि साफसफाई करण्याआधी ती ओळ कोणी आणि कुठल्या तक्रारीनंतर घातली हे शोधतो.

इथपर्यंत वाचून उद्योजक महाशय म्हणतील, मग मी वेगळं काय सांगत होतो? त्यांच्या बाजूने जेवढं म्हणता येईल तेवढं मी म्हटलं. पण नाउर यांचा युक्तिवाद शेवटपर्यंत नेला तर तो त्यांच्याही विरुद्ध जातो. समज कंपनीच्या प्रकारात राहत नाही, ती टिकून राहिलेल्या गटात राहते. आज अंधेरी-गोरेगावच्या प्रॉडक्ट कंपन्यांत दीड-दोन वर्षांनी नोकरी बदलणं हा पगार वाढवण्याचा रूढ मार्ग झाला आहे. 2028 मध्ये फोन येईल तेव्हा तिथेही ती ओळ लिहिणारा तिसऱ्या कंपनीत असतो. उलट, एकाच बँकेची जुनी प्रणाली आठ-दहा वर्षं सांभाळणारी, सर्व्हिस कंपनीच्या पगारपत्रकावर असलेली माणसं मी जवळून पाहिली आहेत. क्लायंटचे अधिकारी बदलले, मॅनेजर बदलले, हे बदलले नाहीत. महिनाअखेरीच्या रात्री कुठली फाइल अडकेल हे त्यांना आधीच ठाऊक असतं. नाउर यांच्या तिन्ही कसोट्यांवर ते उतरतात. सभागृहात ज्यांना भाड्याचे हात म्हटलं गेलं त्यांत हे लोकही येतात, आणि ते मला सहन होत नाही.

त्यांची शोकांतिका वेगळी आहे. त्यांच्याकडे समज आहे, पण रेट कार्डवर समजेला रकाना नाही. दहा वर्षं एका प्रणालीत मुरलेला माणूस आणि दहा वर्षांत पाच प्रोजेक्ट फिरलेला माणूस, दोघांचा दर सारखाच. उलट मुरलेल्याला हलवणं कठीण म्हणून त्याची बढती लांबते. बाहेर मुलाखतीला गेला तर तिथे त्याची प्रणाली कोणाला माहीत नसते. प्रॉडक्ट कंपनी समजेला निदान किंमत देऊ शकते, कारण एकदा लिहिलेला कोड ती शंभर ग्राहकांना विकते आणि त्यातली एक चूक टाळणं म्हणजे शंभर ठिकाणची चूक टाळणं. ती किंमत देईलच असं नाही, पण देण्याची ऐपत आणि कारण तिच्याकडे असतं. म्हणून माझं मत आता सुरुवातीपेक्षा थोडं पुढे सरकतं. शिकणं दोन्हीकडे शक्य आहे. शिकलेल्याचा मोबदला मिळण्याची रचना मात्र बहुतेक वेळा एकीकडेच आहे.

वेगाबद्दल थोडक्यात. सर्व्हिसमध्ये बदलाची विनंती लिहिली जाते, तासांचा अंदाज होतो, क्लायंट मंजुरी देतो, मग कोड, मग दोन पातळ्यांवर चाचणी, मग सही, मग ठरलेल्या रात्री तो चढतो. प्रॉडक्टमध्ये हे सगळं झरझर होतं असा समज आहे. ग्राहकांसाठीच्या अॅपमध्ये दिवसातून अनेकदा कोड चढतो, हे खरं. बँकेच्या प्रॉडक्टमध्ये वर्षातून मोजक्याच आवृत्त्या निघतात, आणि जुनी आवृत्ती न सोडणाऱ्या बँकांसाठी जुने कोडही सांभाळावे लागतात. वेगापेक्षा जास्त जाणवते ती दुसरी गोष्ट. काय करायचं हे कोणी लिहून देत नाही. सर्व्हिसमधून आलेली मुलगी पूर्ण तपशिलाच्या तिकिटाची वाट पाहते, मिळालेलं काम अचूक करते, आणि सहा महिन्यांनी तिला कळतं की तिच्याकडून प्रश्न शोधण्याचीही अपेक्षा होती. ही बाब सहसा कोणी सांगत नाही. अशी मुलगी आठवडाभर कोणाच्या मंजुरीची वाट पाहत बसली असेल, तर ती धोक्याची खूण समजावी. आणि ऑन-कॉलचा आठवडा असतोच. रात्री दोनला फोन वाजला की उठून लॅपटॉप उघडायचा. बोरिवलीच्या दोन खोल्यांच्या घरात हा फोन सगळ्यांनाच उठवतो. हा खर्च ऑफर लेटरवर दिसत नाही.

पगाराकडे वळतो, कारण इथे घाईत सर्वाधिक नुकसान होतं. बोरिवलीच्या त्याच मुलीला प्रॉडक्ट कंपनीची 22 लाखांची ऑफर आली असं धरू. तिच्या आताच्या नऊ लाखांपुढे हा आकडा प्रचंड दिसतो. पण त्यात ठरलेला पगार 16 लाख, एकदाच मिळणारा जॉइनिंग बोनस एक लाख, आणि उरलेले पाच लाख म्हणजे चार वर्षांत मिळणाऱ्या वीस लाखांच्या इसॉपचा एका वर्षाचा वाटा. बोनस वर्षाच्या आत सोडल्यास परत द्यावा लागतो. इसॉप पहिलं वर्ष पूर्ण होईपर्यंत शून्य असतो. पहिल्या वर्षी तिच्या हाती येणारे आकडे बावीस नव्हेत, सतरा आहेत. तरी ते नऊपेक्षा खूपच जास्त आहेत आणि तिने ते जरूर घ्यावेत, पण घराच्या कर्जाचा हप्ता बावीसवर बेतू नये.

इसॉपचा कर नीट समजून घ्यायला हवा. सूचीबद्ध नसलेल्या कंपनीत तिला एक हजार शेअर दहा रुपयांना घेण्याचा हक्क मिळाला, आणि घेण्याच्या दिवशी शेअरचं मूल्यांकन 510 रुपये आहे. फरकाचे पाच लाख तिच्या पगारात धरले जातात. ती तीस टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर सेससह 1 लाख 56 हजार रुपये कर त्याच वर्षी भरावा लागतो. हातात एक रुपया आलेला नसतो, कारण शेअर विकायला बाजारच नाही. ठरावीक मान्यताप्राप्त स्टार्टअपना हा कर पुढे ढकलण्याची सवलत आहे, पण बहुतेक कंपन्या त्यात बसत नाहीत. पुढे मूल्यांकन 51 वर आलं, तर भरलेला कर परत मिळत नाही. तोटा फक्त भविष्यातल्या भांडवली नफ्यातून वजा होतो, पगारातून नाही.

ही कल्पना नाही. घाटकोपरमधून वाढलेल्या फार्मइझीच्या मूळ कंपनीने नोव्हेंबर 2021 मध्ये आयपीओचा मसुदा सेबीकडे दिला, ऑगस्ट 2022 मध्ये तो मागे घेतला, आणि 2023 मध्ये हक्कभाग विकताना शेअरची किंमत आधीच्या शिखरापेक्षा जवळपास नव्वद टक्के खाली होती. त्या कंपनीत काम वाईट होतं, असं मी म्हणत नाही. तिथे कष्ट केलेल्या शेकडो मुलांनी आपल्या संपत्तीचा आकडा कागदावर पाहिला होता, आणि तो कागदावरच राहिला.

जाताना मागे काय सुटतं, हेही मोजायला हवं. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची सलग नोकरी लागते. ग्रॅच्युइटी ज्या पगारावर मोजली जाते तो महिना 30 हजार असेल, तर पाच वर्षांची ग्रॅच्युइटी 30 हजार गुणिले 15, भागिले 26, गुणिले 5, म्हणजे साधारण 86 हजार 500 रुपये. साडेचार वर्षांनी घाईत राजीनामा देणाऱ्याचे हे पैसे बुडण्याचा धोका असतो, आणि मी पाहिलेल्या अनेकांना ते नंतर कळलं. नोटीस नव्वद दिवसांची असते. नव्या कंपनीला माणूस तीस दिवसांत हवा असतो. उरलेले साठ दिवस विकत घेऊ देणं जुन्या कंपनीच्या मर्जीवर असतं. म्हणून राजीनामा देण्याआधी नव्या कंपनीकडून रुजू होण्याची तारीख लेखी घ्यावी आणि ती नव्वद दिवसांच्या पलीकडची असावी.

उपनगरातल्या माणसासाठी एक अडचण खास आहे. प्रॉडक्ट कंपन्या मुंबईत आहेत. डायरेक्टाय अंधेरीत वाढली, ब्राउझरस्टॅक 2011 मध्ये आयआयटी मुंबईच्या दोन पदवीधरांनी सुरू केली. पण संख्येने बंगळुरू फार पुढे आहे. इथे प्रत्यक्षात जास्त जागा निघतात त्या गोरेगावच्या निर्लॉन पार्कसारख्या ठिकाणी बसलेल्या परदेशी बँकांच्या स्वतःच्या केंद्रांत. ती सर्व्हिसही नाहीत आणि प्रॉडक्टही नाहीत. तिथे कोड बँकेचाच असतो, तास विकला जात नाही, माणसं तुलनेने टिकतात, पगार रोखीत असतो. नाउर यांच्या कसोटीवर ही केंद्रं बऱ्याचदा स्टार्टअपपेक्षा सरस ठरतात, आणि मुलुंडच्या व्यासपीठावर त्यांचा उल्लेखही झाला नाही. आईवडील बोरिवलीत आहेत म्हणून बंगळुरूला जाता येत नाही, असं सांगणाऱ्या मुलीला मी हाच रस्ता आधी सुचवतो.

मुलाखतीची तयारी सगळे करतात. संध्याकाळी लोकलमध्ये मोबाइलवर अल्गोरिदमची कोडी सोडवणारी मुलं दादर ते विरार रोज दिसतात. ती तयारी करावीच लागते, नाही तर दार उघडत नाही. पण मुलाखतीच्या शेवटी उमेदवाराला प्रश्न विचारायची संधी मिळते आणि बहुतेक जण ती वाया घालवतात. तेव्हा तीन गोष्टी विचारा. या टीममधला सर्वांत जुना माणूस किती वर्षांपासून आहे. मागच्या वेळी रात्री प्रणाली बंद पडली, तेव्हा ज्याने तो भाग लिहिला होता त्यालाच फोन गेला का. आणि मी लिहिलेला कोड तीन वर्षांनी कोण सांभाळेल. पहिल्याचं उत्तर एक वर्ष असेल आणि उरलेल्या दोन्हींवर समोरचे गडबडले, तर पगार दुप्पट असला तरी तुम्ही केवळ महागड्या दराने विकला जाणारा तास होणार आहात. तुमच्या सध्याच्या सर्व्हिस प्रोजेक्टमध्ये या तिन्हींची चांगली उत्तरं असतील, तर तुम्ही शिकत आहात. फक्त तुम्हाला त्याचे पैसे कमी मिळत आहेत, आणि ते मागण्यासाठी हातात दुसरी ऑफर असणं हा सध्या एकच मार्ग आहे.

बोरिवलीच्या त्या मुलीला माझं सांगणं एवढंच. जा, पण आताच्या कंपनीत पाच वर्षं पूर्ण झाल्यावर जा. सतरा लाखांवर घर चालवायची तयारी ठेवून जा. आणि गेल्यावर निदान एक लीप वर्ष तिथे काढ.